राजीनाम्याआधी आठ शनिवार

*"नमस्कार ताई. मी चिंचवडला राहते, वय ३७. एका विमा कंपनीच्या आयटी विभागात १४ वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग करतेय. लॉकडाऊनमध्ये ब्रेड करायला शिकले, नंतर पाच दिवसांचा कोर्स केला, आता दर रविवारी घरी करते. ऑफिसात नेला की डबा दहा मिनिटांत रिकामा होतो. मला स्वतःची छोटी बेकरी काढायची आहे. ९ लाख बाजूला ठेवलेत. घराजवळ एक गाळा २८,००० भाड्याने मिळतोय, मालकाला दिवाळीआधी उत्तर हवंय. नवऱ्याची नोकरी चालू आहे, मुलगी सहावीत आहे. नवरा म्हणतो, 'आधी करून बघ, मग सोड.' पण नऊ ते सात नोकरी सांभाळून करून बघायचं म्हणजे नेमकं काय करायचं?"*

नमस्कार.

सगळ्यात आधी गाळ्याच्या मालकाला फोन करा आणि नाही म्हणून सांगा. त्याची घाई त्याच्या भाड्यासाठी आहे, तिचा तुमच्या बेकरीशी काही संबंध नाही. गाळे पुन्हा मिळतात. चिंचवडमध्ये तर नक्कीच मिळतात. एकदा अनामत दिली, ओव्हनची ऑर्डर गेली, की मग तुम्ही बघण्याच्या अवस्थेत राहत नाही. मग जे होईल ते निभावून न्यावं लागतं.

आता करून बघण्याविषयी. तुम्ही लॉकडाऊनपासून जे करताय त्यातून एक गोष्ट पक्की झाली आहे: तुम्हाला ब्रेड करायला आवडतो आणि तो चांगला होतो. ती पुन्हा तपासायची गरज नाही. अजून न तपासलेल्या गोष्टी वेगळ्या आहेत. तोच ब्रेड सलग सहा दिवस पहाटे उठून करता येतो का, अनोळखी माणूस पैसे देऊन तो दुसऱ्यांदा घेतो का, आणि तुमचे तास धरले तर एका ब्रेडमागे हातात किती उरतं. तुम्ही टेस्टिंगवाल्या आहात, त्यामुळे हे तुम्हाला पटेल. जे चालतंय हे माहीत आहे तेच पुन्हा पुन्हा तपासण्यात अर्थ नसतो. जिथे मोडण्याची शक्यता जास्त, तिथे आधी बोट ठेवायचं.

पहिलं काम, सहा दिवसांची रजा काढून दुसऱ्याच्या बेकरीत उभं राहायचं. सलग सहा दिवस. एक रविवार जाऊन आलात तर त्याला सहल म्हणतात. पहिले दोन दिवस नवलाईत जातात, तिसऱ्या दिवशी मनगटं आणि पोटऱ्या बोलायला लागतात, चौथ्या दिवशी पहाटे तीनच्या गजराला तुमचं मन काय म्हणतं ते ऐकायचंय. दिवाळीचा आठवडा टाळा. त्या वेळी सगळ्या बेकऱ्या खारी, नानखटाई आणि केकच्या ऑर्डरींमध्ये बुडालेल्या असतात, तुम्हाला साधा आठवडा दिसणार नाही आणि मालकाला तुमच्याकडे बघायला वेळ नसेल.

बेकरी कुठली निवडायची? तुमच्यापासून दहा-पंधरा किलोमीटर लांबची, साधी, लादी पाव, ब्रेड, टोस्ट करणारी. फोटोत छान दिसणारा कॅफे नको. तिथे ब्रेड बहुतेक वेळा बाहेरून येतो आणि तुम्ही फक्त कॉफी वाटप बघून परत याल. लांबची अशासाठी, की मालकाला वाटायला नको की ही बाई उद्या समोरच दुकान टाकणार. दुपारी दोन ते चारच्या दरम्यान जा. सकाळची गर्दी ओसरलेली असते, संध्याकाळचा माल लागायला वेळ असतो, मालक गल्ल्यावर निवांत बसलेला असतो. काहीतरी विकत घ्या आणि सरळ सांगा: "मला बेकरी काढायची आहे, इथे नाही, चिंचवडला. नोकरी सोडायच्या आधी काम बघायचंय. सहा दिवस पहाटे येईन, ट्रे पुसेन, साच्यांना तेल लावेन, पैसे नकोत, रेसिपी विचारणार नाही." शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे आणि ते पाळा. वहीत प्रमाणं लिहून घेताना दिसलात की दुसऱ्या दिवसापासून तुम्हाला भट्टीपाशी कुणी उभं करणार नाही. तीन-चार ठिकाणी नकार मिळेल, तो धरूनच चाला. बाई पहाटे साडेतीनला भट्टीवर येणार म्हटल्यावर काही मालक जबाबदारी नको म्हणून नाही म्हणतील. नवऱ्याला एकदा सोबत नेऊन ओळख करून दिलीत तर ही अडचण बरीचशी सुटते, माझा तसा अनुभव आहे.

मी स्वतः विमा एजन्सीच्या ऑफिसात नोकरी करत होते. २००९ मध्ये ती सोडून नाशिकला बेकरी काढली आणि ११ वर्षं चालवली. त्याआधीच्या डिसेंबरात मी एका जुन्या भट्टीवर आठवडाभर गेले होते. मला दिलेलं काम होतं साच्यांना तेल लावायचं. दीडशे साचे, कापडाचा बोळा, तेलाचा डबा. कोपरे सुटले की ब्रेड साच्यातून निघताना फाटतो, हे तिथे कळलं. पाचव्या दिवशी पहाटे कारागिराकडून यीस्ट टाकायचं राहिलं. चाळीस किलो पीठ तासाभरानेही जसंच्या तसं, दगडासारखं. मला वाटलं आता आरडाओरडा होणार. मालक आले, पिठात बोट रोवून बघितलं, काही बोलले नाहीत. कोमट पाण्यात यीस्ट विरघळवून ते पिठावर ओतायला लावलं आणि पीठ पुन्हा मळायला घेतलं. मग खुर्ची ओढून बसले आणि फोन लावायला सुरुवात केली. अकरा हॉटेलं. प्रत्येकाला स्वतः सांगितलं, पाव दोन तास उशिरा येईल, तोवर अमक्याकडून घ्या, फरक मी देतो. सहा वाजेपर्यंत तो माणूस फोनवरच होता. बेकरी चालवणं म्हणजे हे, असं मला त्या पहाटे समजलं. पीठ मळायला कारागीर मिळतो. फोन मालकालाच करावे लागतात.

म्हणून त्या सहा दिवसांत हात चालू ठेवा, पण डोळे पिठावर कमी आणि मालकावर जास्त ठेवा. तो दिवसात कधी बसतो? कारागीर आला नाही तर कुणाला बोलावतो? काल दुकानांवर टाकलेल्यापैकी किती माल परत आला, आणि त्याचं काय केलं? ब्रेड परत येणं हा या धंद्यातला न दिसणारा खर्च आहे. काही ठिकाणी त्याचे टोस्ट होतात, त्यातून थोडेफार पैसे सुटतात. पण ज्याच्याकडे टोस्ट करायची सोय नाही त्याच्यासाठी ते थेट नुकसान. उधारीची वही कुठे आहे तेही बघा. हॉटेलवाले रोज माल घेतात आणि महिन्याने पैसे देतात, म्हणजे महिनाभराचा मैदा तुमच्या खिशातून.

आणि घरी काय होतंय ते बघा. मुलीचा डबा त्या सहा दिवसांत कोण करतंय? तुम्ही रात्री साडेआठला झोपायला गेल्यावर घराचं काय होतं? "आधी करून बघ" असं नवरा म्हणालाय ना, मग या आठवड्यात त्यानेही करून बघायचंय. सातव्या दिवशी दोघांनी बसून बोला. हे तुम्हाला कुठल्या कोर्समध्ये शिकवणार नाहीत आणि नंतर सगळ्यात जास्त हेच टोचतं.

मधल्या काळात शक्य झालं तर एक गोष्ट आणखी सुचवते. बौद्धिक दिव्यांग प्रौढांसाठी ज्या संस्था कार्यशाळा चालवतात, त्यांतल्या काहींमध्ये बेकरी विभाग असतो. तिथे पीठ मळायचं मशीन आणि मोठा ओव्हन असतो, आणि रविवारी हाताखाली माणूस हवाच असतो. तुम्ही घरी एका वेळी दोन ब्रेड करता, तिथे साठ-सत्तर होतात. मोठ्या मशीनमध्ये पीठ किती लवकर तापतं, मोठ्या ओव्हनचा मागचा कोपरा पुढच्यापेक्षा कसा जास्त भाजतो, हे हाताला कळतं. पण तिथे स्वतःच्या सोयीसाठी जाऊ नका. दोन महिने दर रविवारी येईन असं कबूल करायचं आणि यायचं. तिथल्या मुलामुलींना माणसांची सवय लागते, तीन आठवड्यांनी गायब होणारी ताई त्यांना त्रासदायक ठरते. तेवढी तयारी नसेल तर ही पायरी सोडून द्या, काही बिघडत नाही.

आता मुख्य भाग, शनिवार. त्याआधी दोन कागदी कामं. तुमचं नियुक्तिपत्र काढून त्यात दुसरा व्यवसाय किंवा नोकरी करण्यावर काय लिहिलंय ते वाचा. बऱ्याच कंपन्या लेखी परवानगीशिवाय मनाई करतात. बिनपैशाने दुसऱ्याचं काम बघणं वेगळं आणि स्वतःच्या नावाने विकणं वेगळं. कलम असेल तर एचआरला एक मेल टाकून परवानगी मागा. लपवून करून नंतर कुणी तक्रार केली तर नोकरी तुमच्या वेळेआधी जाईल. दुसरं, घरून खाद्यपदार्थ विकायलाही एफएसएसएआयची नोंदणी लागते. छोट्या व्यवसायांसाठी साधी नोंदणी असते, तिचं शुल्क थोडं असतं आणि अर्ज foscos.fssai.gov.in वर घरबसल्या करता येतो.

आठ शनिवार ठरवा आणि कॅलेंडरवर आत्ताच खुणा करा. एकच ब्रेड. फार तर दोन प्रकार, पण आठही शनिवार तेच. हे तुम्हाला कंटाळवाणं वाटेल आणि तेच तपासायचं आहे. घरी आपण दर वेळी नवीन काहीतरी करतो, एकदा लसूण घालून, एकदा तीळ लावून, आणि मजा त्या नव्यात असते. गिऱ्हाइकाला गेल्या शनिवारी होता तसाच हवा असतो. पाचव्या शनिवारी तोच ब्रेड करताना तुम्हाला तो आणखी नीट करावासा वाटतो की कधी संपतंय असं होतं, ते वहीत लिहून ठेवा.

किती करायचे? तुमच्याकडे साधारण ४० लिटरचा ओटीजी असेल असं धरते. त्यात ४०० ग्रॅमचे दोन साचे बसतात. ३५ मिनिटं भाजायला आणि दहा मिनिटं पुन्हा तापायला, म्हणजे एका घाण्याला पाऊण तास. सहा घाणे केले तर साडेचार तासांत १२ ब्रेड. यापेक्षा जास्त घेऊ नका. भाजून ४०० ग्रॅमचा ब्रेड हवा तर मळलेलं पीठ ४६० ग्रॅम घालावं लागतं, बाकीचं पाणी ओव्हनमध्ये उडून जातं. एका ब्रेडला सुमारे २७० ग्रॅम मैदा, १७५ ग्रॅम पाणी, बाकी मीठ, यीस्ट आणि थोडं तेल. बाराला सव्वातीन किलोच्या आसपास मैदा लागतो.

ऑर्डर गुरुवारी रात्रीपर्यंत, पैसे आगाऊ. आणि आता नियम, जो पाळणं सगळ्यात अवघड आहे: ऑफिसातल्यांना आणि नातेवाइकांना विकायचं नाही. निदान मोजायचं नाही. डबा दहा मिनिटांत रिकामा होतो तो फुकट असतो म्हणून, आणि तुमच्यावर लोभ आहे म्हणूनही. मावशी तुमच्यासाठी आठही शनिवार ब्रेड घेईल आणि शेजारणीला देऊन टाकेल. त्यातून काही कळत नाही. शेजारच्या दोन-तीन सोसायट्यांच्या ग्रुपवर एकदा संदेश टाका, पहिल्या शनिवारी खालच्या बागेपाशी सकाळी चव द्यायला तुकडे घेऊन उभ्या राहा. गोव्यात पाव विकणारा पोदेर सायकलला टोपली बांधून भोंगा वाजवत सकाळ-संध्याकाळ दारात येतो, म्हणून तिथे ताज्या पावाची सवय टिकली आहे. तुमच्याकडे ती सवय तुम्हालाच लावायची आहे, आणि ती लागते का हेच बघायचंय.

वहीत प्रत्येक शनिवारी चार गोष्टी लिहा. किती विकले, त्यांतले किती अनोळखी माणसांनी घेतले, किती जणांनी याआधीही घेतला होता, आणि तुमचे एकूण तास. तास लिहिताना मन मोठं करू नका. शुक्रवारी रात्री वजनं करून ठेवायला दीड तास लागला तर तो धरायचा. शनिवारी पहाटे साडेचार ते बारा हे साडेसात तास, पोचवायला दीड तास, भांडी आणि हिशेब अर्धा तास. झाले ११ तास.

आता हिशेब करून बघू. आकडे धरून चाललेले आहेत, तुमच्या बिलांप्रमाणे बदला. मैदा ५० रुपये किलो धरला तर एका ब्रेडला साडेतेरा रुपये, यीस्ट, मीठ, तेल मिळून पाच, पिशवी आणि लेबल सहा, वीज साधारण पाच. बेरीज तीस रुपयांच्या आत-बाहेर. ९० रुपयांना विकलात तर साठ उरतात. बारा विकले की ७२०. अकरा तासांनी भागा, तासाला ६५ रुपये. दोन ब्रेड उरले तर ५४०, म्हणजे तासाला पन्नासही नाही. हा आकडा बघून घाबरू नका. छोट्या ओव्हनमुळे तुमचे बरेच तास वाट बघण्यात जातात, मोठ्या ओव्हनमध्ये तेवढ्याच वेळात कितीतरी जास्त होतील. या आकड्याचा उपयोग वेगळा आहे. एका ब्रेडमागे साठ रुपये उरतात हे एकदा हातात आलं, की गाळ्याचा हिशेब कागदावर मांडता येतो.

भाडं २८,०००. एक मदतनीस १७,०००, वीज आणि गॅस १०,०००. म्हणजे शटर उघडायलाच महिन्याला ५५,०००. साठने भागा, ९१७ ब्रेड. महिन्याला २६ दिवस धरले तर रोज ३५ ब्रेड विकल्यावर तुम्ही शून्यावर येता, तुम्हाला एक पैसा न मिळता. तुमच्यासाठी महिन्याला ४०,००० हवेत म्हटलं तर ९५,००० झाले, म्हणजे महिन्याला १,५८३ ब्रेड, रोज ६१. एक घर आठवड्याला एक ब्रेड घेतं असं धरलं तर तुम्हाला जवळजवळ ४०० घरं नियमित हवीत. चारशे घरं, दर आठवड्याला, न चुकता. खारी, केक, बन ठेवून हा आकडा खाली आणता येतो, हॉटेलला पाव देऊनही येतो, पण तिथे एका नगामागे सुटतं कमी आणि उधारी असते. ९ लाखांत ओव्हन, मशीन, अनामत, थोडं फर्निचर घेतल्यावर किती महिने हा ५५,००० चा खड्डा भरता येईल, तेही याच कागदावर मांडा.

आता आठ शनिवारांच्या वहीकडे परत या. समजा आठ शनिवारांत तुमचा ब्रेड ४० अनोळखी घरांनी एकदा तरी घेतला आणि त्यांतल्या १० जणांनी तीन किंवा जास्त वेळा. म्हणजे चारातलं एक घर टिकतं. ४०० टिकणारी घरं हवीत तर १,६०० घरांपर्यंत तुमची चव पोचायला हवी. तुमच्या भागात, चालत येण्याच्या अंतरात तेवढी घरं आहेत का, याचं उत्तर आजूबाजूच्या सोसायट्यांचे फ्लॅट मोजून एका संध्याकाळी मिळेल. आणि ४० पैकी दोघांनीच तिसऱ्यांदा घेतला असेल, तर ब्रेड, किंमत, वेळ यांपैकी कुठेतरी गाठ आहे. ज्यांनी एकदा घेऊन थांबवलं त्यांतल्या पाच जणांना फोन करा आणि विचारा, गेल्या आठवड्यात ब्रेड कुठून घेतलात? "आवडला का" असं विचारू नका, सगळे आवडला म्हणतात. कुठून घेतलात म्हटलं की खरं उत्तर मिळतं: दुकानातला ४५ चा घेतला, मुलांना मऊ लागतो, शनिवारी आम्ही गावाला असतो.

आणखी एक लक्षण आहे. सहाव्या-सातव्या आठवड्यात मुद्दाम ग्रुपवर संदेश टाकू नका. बुधवारी संध्याकाळपर्यंत न विचारता किती ऑर्डरी येतात ते बघा. त्या ऑर्डरी खऱ्या. तुमच्या संदेशाला उत्तर म्हणून आलेल्या ऑर्डरीत निम्मं सौजन्य असतं.

माझ्याकडून एक मोठी चूक झाली ती इथे सांगते, कारण तुम्हीही ती करण्याच्या बेतात आहात. मी सगळं डिसेंबर-जानेवारीत करून बघितलं आणि मार्चमध्ये बेकरी उघडली. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पाव आंबट व्हायला लागला, साच्यात फुगून मग मध्येच बसायचा, कापला की मोठी भोकं. दहा-बारा दिवस मला कळेचना. यीस्ट बदललं, मैदा बदलला, कारागिराशी भांडले. दोष उकाड्याचा होता. पीठ मळून झाल्यावर २५-२६ अंशांवर असायला हवं, आणि ते आपल्या हातात असतं फक्त पाण्याच्या तापमानाने. साधा हिशेब आहे: हवं असलेलं तापमान गुणिले तीन, त्यातून खोलीचं, मैद्याचं आणि मशीनच्या घर्षणाने चढणारं तापमान वजा करायचं, उरेल तितक्या अंशांचं पाणी घ्यायचं. थंडीत खोली २०, मैदा २०, मशीनचे ८ धरले तर २६ गुणिले तीन म्हणजे ७८, वजा ४८, पाणी ३० अंशांचं, नळाचं थोडं कोमट करून चालतं. एप्रिलात खोली ३४, मैदा ३३, तेच ८, बेरीज ७५. पाणी ३ अंशांचं हवं. म्हणजे बर्फ. रोज पहाटे बर्फाची सोय, तो ठेवायला जागा, त्याचं बिल, हे काहीच माझ्या हिशेबात नव्हतं.

तुम्ही आत्ता सुरू केलंत तर ऑक्टोबरचा उकाडा मिळेल, ते बरंच आहे. पण आठपैकी सहा शनिवार आत्ता करा आणि दोन मुद्दाम एप्रिलसाठी राखून ठेवा. राजीनामा द्यायचाच झाला तर त्यानंतर द्या. तेवढे पगार आणखी जमा होतील, तो फायदा वेगळाच. दोन-तीनशे रुपयांचा काटा असलेला थर्मामीटर घ्या आणि मळून झालेल्या पिठाचं तापमान प्रत्येक शनिवारी लिहा. ब्रेड बिघडला तर कारण त्या ओळीत सापडेल.

या सगळ्याला साधारण किती खर्च येईल? सहा दिवसांची रजा, थर्मामीटर, सहा साचे, नोंदणी, पहिल्या शनिवारचे चवीचे ब्रेड. पाच-सहा हजारांत भागतं, आणि त्यातले काही विक्रीतून परत येतात. यातून काय कळणार नाही तेही सांगते. कारागीर न सांगता गावाला निघून गेला की कसं वाटतं, भाडं थकलेल्या महिन्यात झोप कशी लागते, हे शनिवारच्या बारा ब्रेडमधून कळत नाही. त्याचा थोडा अंदाज त्या सहा पहाटांत मालकाकडे बघून येतो, पूर्ण येत नाही. पण तुमचा हात, तुमचं घर, तुमची गिऱ्हाइकं आणि तुमचा हिशेब, या चार गोष्टी कळतात, आणि माझ्या ओळखीत ज्यांच्या बेकऱ्या दोन वर्षांत बंद पडल्या त्यांची याच चारांपैकी एखादी तपासायची राहिली होती.

पहिल्या शनिवारच्या आधी वहीच्या पहिल्या पानावर तुमची अट लिहा आणि नवऱ्याची सही घ्या. उदाहरणार्थ, शेवटच्या दोन शनिवारी बारापैकी नऊ ब्रेड गुरुवारच्या आत, न विचारता गेले, आणि टिकणारी निदान दहा घरं मिळाली, तर पुढे जायचं. नाही मिळाली तर आणखी चार शनिवार, एकच गोष्ट बदलून: एक तर किंमत, नाहीतर वार, नाहीतर ब्रेड. तेवढ्यावर थांबायचं. आकडे आधी लिहिले नाहीत तर आठव्या शनिवारी जे येईल ते पुरेसं वाटतं, कारण तोवर आपण त्यात गुंतलेले असतो. आणि उलटही होतं. काही जण वर्षानुवर्षं शनिवारच करत राहतात, निर्णय घेतच नाहीत, आणि नोकरीही जीव लावून करत नाहीत.

माझ्या ओळखीतल्या एका बँकेतल्या गृहस्थांनी असेच सहा दिवस भट्टीवर काढले आणि सातव्या दिवशी मला सांगितलं, मला ब्रेड करायला आवडतो, पहाट आवडत नाही. ते अजून बँकेतच आहेत आणि रविवारी इतका सुंदर ब्रेड करतात की मी मागून घेते. तुमचंही तसं निघालं तर ९ लाख शाबूत राहतील.

रजेचा अर्ज या आठवड्यात टाका. आणि बेकरीवाल्याकडे जाताना पायात बंद, न घसरणारे बूट घाला. तेल सांडलेल्या फरशीवर चपलेने पाय सरकतो, आणि ट्रे हातात असताना सरकला तर हात भाजतो. पहिला शनिवार झाला की वहीतल्या चारही ओळी मला लिहून पाठवा. पिठाचं तापमानही.